छपराखालचा तिसरा हिस्सा

मिरचीच्या पोत्यात हात घालायचा तो कोपरापर्यंत, असा दादांचा शिरस्ता होता. तोंडाशी असलेली मिरची उन्हावाऱ्याने कोरडी झालेली असते, ती येईल त्याच्याशी गोड बोलते. पोत्याच्या पोटात हात गेला आणि तिथे कोरडा गारवा लागला तर माल घ्यावा. ऊब लागली तर काही न बोलता पुढच्या पोत्याकडे वळावे. मिरची दळण्याचा कारखाना चालवत त्यांची हयात गेली होती आणि बाजारातले हमाल त्यांच्या उजव्या बाहीकडे बघून आज खरेदी झाली की नाही ते सांगत. बाही लाल असली म्हणजे झाली.

पण दादांचे नाव होते ते या हातामुळे नव्हे, त्यांच्या तीन हिश्श्यांमुळे. मिरची येते वर्षातून एकदा आणि दळावी लागते बारा महिने. सुगीत सगळी रोखीने घेतली तर वर्षभराचा पैसा पोत्यांत जाऊन बसतो, आणि लागेल तशी घेतली तर बिगरहंगामात दुप्पट भाव मोजावा लागतो. यावर दादांनी आणि त्यांच्या मित्राने तोड काढली होती. दोघे तंत्रशाळेत एकाच बाकावर होते. पुढे दादांनी कारखाना काढला आणि मित्र आपल्या मळ्यावर परतला. वर्षभराच्या गरजेतला एक हिस्सा रोखीने घ्यायचा आणि कारखान्यामागच्या गोदामात ठेवायचा. दुसरा शीतगृहात ठेवायचा, त्याची पावती बँकेकडे तारण टाकून मालाच्या किमतीचा मोठा भाग कर्जाऊ घ्यायचा, आणि पैसे भरत जाऊ तशी पोती सोडवत न्यायची. तिसरा हिस्सा मित्राच्याच मळ्यावर, त्याच्याच छपराखाली राहायचा. त्यासाठी आगाऊ म्हणून नुसता बयाणा द्यायचा. माल उचलायचा त्या दिवशी जो बाजारभाव असेल तो, आणि वर सांभाळणुकीचे थोडे. तोलला जाईपर्यंत माल मळ्याचा, तोलल्यावर कारखान्याचा.

तीन हिस्से दळण्याचा क्रमही ठरलेला होता. छपराखालचा माल पहिला, कारण ते छप्पर कोरड्या हवेपुरतेच भरवशाचे. हवेत ओल यायच्या आत ते रिकामे झालेच पाहिजे. मग गोदामातला, आणि सर्वांत शेवटी शीतगृहातला, कारण तिथे मिरचीचा रंग वर्षभर जसाच्या तसा राहतो.

मित्र गेला. त्यानंतर मळा त्याच्या बायकोने हाती घेतला आणि तिसऱ्या हिश्श्याला एका हंगामाचाही खंड पडू दिला नाही. वहिनी मिरचीचे देठ मोडू देत नसत, कारण देठासकट मिरची जास्त टिकते. पोती भरायची ती पहाटे, मिरची थोडी मऊ असते तेव्हा. दुपारी भरली तर ती कडकडून मोडते, आणि मोडू नये म्हणून पाणी शिंपडणारे लोक वहिनींच्या लेखी चोरांच्या पंगतीतले होते. बयाणा हाती घेताना त्या दर वर्षी तेच म्हणत, की भावजी, हा कशाला, तुमचा शब्द पुरे आहे. आणि घेत मात्र.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी पीक बुडाले होते. हंगाम संपल्यावर भाव असा चढला की दादांना शेवटचे दोन महिने तोट्यात दळावे लागले. ते त्यांच्या मनाला फार लागले. त्यामुळे पुढच्या सुगीत जेव्हा मिरचीचा पूर आला, बाजाराच्या आवारात पाय ठेवायला जागा उरली नाही आणि भाव घसरत घसरत जमिनीला टेकला, तेव्हा दादांचे डोळे चमकले. त्यात त्यांना भेटला अडत्या. दलाली पाव टक्का, असे सांगून तो प्रत्येक व्यवहाराला सुरुवात करी आणि शेवटी ती कशी कोण जाणे दुप्पट होई. म्हणून सारा बाजार त्याला पावटक्के म्हणे. एका मोठ्या व्यापाऱ्याला अडचणीपायी सगळा साठा काढायचा होता. पावटक्क्यांचे म्हणणे असे, की असा भाव पुन्हा दिसणार नाही, आणि दिसला तर त्या दिवशी मी मिशी उतरवीन.

"तुम्हाला मिशी आहे कुठं?" दादांच्या धाकट्या भावाने विचारले.

"म्हणूनच तर खात्रीनं सांगतोय."

धाकटा कारखान्याची विक्री आणि वसुली बघे. हसणे झाल्यावर त्याने दादांना बाजूला घेऊन सांगितले की दुकानदार दोन दोन महिने पैसे देत नाहीत, हातातली रोकड अशी गुंतवली तर वीजबिलाला सुद्धा उसनवारी करावी लागेल. दादांनी त्याला खाली बसवून हिशेब समजावला. व्यापाऱ्याचा माल थेट शीतगृहात ठेवायचा. किमतीच्या शंभरातले सत्तर बँक देणार, तीस आपण घालायचे. भाव चौथाईने जरी वाढला तरी भाडे आणि व्याज निघून वर उरते, आणि भाव तर दुप्पट होतो हे गेल्याच वर्षी पाहिलेले. हिशेबात कुठेही चूक नव्हती. फक्त गेल्या वर्षी ज्यांचे हात पोळले होते ते सगळेच कारखानदार यंदा कोठारे भरत आहेत, ही गोष्ट त्यांनी हिशेबात धरली नव्हती.

"आणि वहिनींचा हिस्सा? तो यंदा घेऊच नये का मग?" धाकट्याने विचारले.

"तो राहू दे. त्याला पैसे कुठं लागतात?" दादा म्हणाले.

या वाक्याची त्यांना पुढे पुष्कळ वेळा आठवण झाली.

शीतगृहाची एक अख्खी खोली दादांच्या नावाने भरली. थप्प्या भिंतीपासून हातभर दूर, खाली लाकडी फळ्या, दोन थप्प्यांच्या मधून माणूस आडवा जाईल एवढी वाट, म्हणजे गार हवा सगळीकडे खेळती राहते. मॅनेजरने आपल्या माणसांना ही खोली मुद्दाम दाखवली आणि माल असा लावायचा असतो असे सांगितले. दादा त्या थंडीत उभे राहिले, कान गारठेपर्यंत, आणि त्यांना बऱ्याच दिवसांनी निश्चिंत वाटले.

सुगीनंतर भाव वाढतो. त्या वर्षी तो वाढला नाही. महिनाभर होता तिथेच राहिला, मग आणखी खाली उतरला, कारण प्रत्येकाकडे पोटापुरती मिरची होती आणि विकत घेणारा कुणी उरला नव्हता. मालाची किंमत उतरली तशी बँकेची चिठ्ठी आली: तारण कमी पडते आहे, फरकाची रक्कम भरावी, नाहीतर माल विकून कर्ज कमी करावे. दादांनी रक्कम भरली. पुढच्या महिन्यात पुन्हा चिठ्ठी, पुन्हा भरणा. वसुलीला बाहेर पडलेला धाकटा रिकाम्या हातांनी परते आणि पैसे पुढल्या सोमवारी येतील असे सांगे. दुकानदारांचा तो सोमवार कधी उजाडतो याचा शोध लावणाऱ्याला आपण बक्षीस देऊ, असेही म्हणे. पण आता त्यावर कुणी हसत नसे.

याच सुमारास दादांनी दळण्याचा क्रम बदलला. शीतगृहातल्या प्रत्येक पोत्यावर रोज भाडे चढत होते, रोज व्याज चढत होते. ते आकडे त्यांना जेवताना ताटात दिसत. वहिनींच्या छपराखालच्या पोत्यांवर काहीच चढत नव्हते. तेव्हा ज्या मालावर खर्च चढतो तो आधी दळून संपवावा, आणि जो नुसता पडून आहे त्याला पडू द्यावे, हे कुणालाही पटण्यासारखे होते. शिवाय छपराखालचा माल उचलायचा तर त्याच दिवशी पूर्ण पैसे द्यावे लागणार. शीतगृहातून मात्र पाच-पंचवीस पोती सोडवली तरी चालत होते. म्हणून ते तशी पोती सोडवत राहिले. आणलेली पोती न उघडता एक दिवस तशीच ठेवत, कारण थंडीतून आलेले पोते लगेच उघडले तर आतल्या मिरचीला घाम फुटतो. अशी काळजी ते डोळ्यांपुढच्या प्रत्येक पोत्याची घेत होते.

वहिनींचा पहिला फोन आला तेव्हा हवा अजून कोरडी होती. गाडी कधी पाठवता, एवढेच त्यांनी विचारले. दादांनी पुढच्या आठवड्यात असे सांगितले. दुसऱ्या फोनवर त्यांनी सांगितले की पहाटे आता अंगणात ओल असते, पोती आलटूनपालटून उन्हात काढते आहे, पण ऊन पूर्वीसारखे टिकत नाही. दादा म्हणाले, या आठवड्यात नक्की.

तिसरा फोन दुपारी आला. दादा तेव्हा बँकेच्या बाकावर बसलेले होते.

"भावजी, मसाला भरणारा एक जण आलाय दारात. भाव पडता मागतो, पण रोख देतो आणि सगळाच्या सगळा उचलतो. माल तुमच्या नावचा आहे, म्हणून विचारते. देऊ का?"

दादांनी डोळे मिटले. देऊन टाका, हे दोन शब्द जिभेवर होते. पण तो हिस्सा गेला तर कारखान्याच्या नावावर पैसे न अडकवता राखलेला जो एकच माल होता तोही गेला, आणि शेजारच्या खिडकीतला कारकून त्यांच्याचकडे बघत होता.

"नको, देऊ नका," ते म्हणाले. "मी उचलतो."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर हवा बदलली. ढग नुसते येऊन बसले. ना पडत, ना हलत. कपडे वाळेनात, मीठ ओलसर झाले, कारखान्यातल्या चाळण्यांना भुकटी चिकटू लागली. दादांना ते कळत नव्हते असे नाही. ओल्या हवेत मिरची पाणी ओढते आणि पोत्याच्या पोटात ते पाणी कोंडते, हे तर त्यांनीच कित्येकांना शिकवले होते. ते रोज धाकट्याला वसुली विचारत आणि रोज एक दिवस पुढे ढकलत. शेवटी एका दुकानदाराने पैसे दिले, तेव्हा दादा गाडी घेऊन स्वतःच मळ्यावर गेले.

छप्पर नीटनेटके होते. पोती फळ्यांवर होती, वर प्लास्टिक नव्हते, दोन्ही बाजूंची कवाडे हवेसाठी उघडी होती. वहिनींनी करण्यासारखे सगळे केलेले होते. दादांनी बाही वर केली आणि पहिल्या पोत्यात हात घातला. मनगटापर्यंत मिरची मऊ लागली. हात कोपरापर्यंत गेला आणि ऊब लागली, आजारी लेकराच्या कपाळासारखी. त्यांनी मूठभर मिरची वर काढली. देठापाशी पांढुरके जाळे धरलेले. एक मोडून पाहिली तर आत बिया एकमेकींना चिकटून राखाडी झालेल्या. त्यांनी दुसरे पोते पाहिले, तिसरे पाहिले. वहिनी खांबाला टेकून उभ्या होत्या.

"मधली रांग अजून वाळवता येईल," दादा म्हणाले. आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटतो आहे हे त्यांना कळले.

"वाळवून बुरशी जाते का, भावजी?"

"दिसायची जाते."

"मग लोकांच्या तोंडात घालणार ती?"

दादांनी मान हलवली. अशी मिरची त्यांनी कधी दळली नव्हती आणि आताही दळणार नव्हते. बुरशीचे विष वाळवून जात नाही, दळून तर नाहीच नाही. दोघांनी मिळून पोती एकेक करून तपासली. कडेची थोडी निघाली. बाकीची सगळी पुरण्याच्या लायकीची होती.

हे होईतो वहिनी हिशेबाचे काही बोलल्या नाहीत. मग हात धुऊन आल्या, ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या की ठरल्याप्रमाणे माल तोलला जाईपर्यंत मळ्याचा असतो, तेव्हा नुकसान मळ्याचे. बयाणा त्या परत करणार होत्या. दादांना हे ऐकवेना. ठरले होते त्यात छप्पर आधी रिकामे करायचे हेही होते, ते मी मोडले, असे ते म्हणाले; आणि तुम्ही पहिला फोन केलात त्या दिवशी जो भाव होता त्या भावाने मी पूर्ण पैसे देईन, फक्त थोडा अवधी द्या, असेही म्हणाले.

वहिनींनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले.

"पैसे नाहीत, असं त्या दिवशी म्हणाला असतात तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "मी त्या माणसाला माल दिला असता. तुमचा राग आला नसता मला. हे असते तरी तेच म्हणाले असते, अडचण कुणाला येत नाही. पण तुम्ही उचलतो म्हणालात."

दादांपुढचा चहा तसाच निवून गेला.

परतल्यावर त्यांनी शीतगृहातली अर्धी खोली विकायला काढली. पावटक्के आले आणि पहिल्यांदाच दलालीचा विषय न काढता बसले. भाव खरेदीच्याही खाली मिळाला. आलेल्या रकमेतून बँकेने आपले आधी कापून घेतले. जे उरले त्यात वसुलीचे घालून दादांनी वहिनींचे पैसे दोन हप्त्यांत पुरे केले. धाकट्याने एकदा जरी टोमणा मारला असता तर आपल्याला हलके वाटले असते, असे दादांना त्या दिवसांत राहून राहून वाटे. वहिनींनी पैसे घेतले, पोच दिली, धाकट्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. सगळे मिटले असे दादांना वाटले. नुकसान भरून दिले, यापेक्षा माणूस आणखी काय करू शकतो, असे त्यांनी घरी बायकोला विचारलेही. ती भाजी निवडत होती. पैशाचं मिटलं हो, एवढेच ती म्हणाली.

पुढच्या सुगीला दादा बयाणा घेऊन मळ्यावर गेले. या वेळी त्यांनी काही चुकवले नव्हते: तीन हिस्से काटेकोर, शीतगृहात गरजेपुरतेच, हाती तीन महिन्यांची रोकड राखलेली. अंगणात मिरची वाळत पडली होती, लालभडक, आणि दोन बायका देठाला धक्का न लावता ती खालीवर करत होत्या. वहिनींनी पाणी दिले, चहा दिला. बयाण्याचे पाकीट मात्र त्यांनी हातात घेतले नाही.

यंदा सगळा माल सरळ बाजारात नेणार असे त्यांनी सांगितले. छपराखाली आता काही ठेवायचे नाही. रागाने नव्हे, हे त्यांनी आपणहून सांगितले. पण ते महिने कसे गेले ते आठवते, पहाटे उठून पोत्यांना हात लावून बघायचा, रात्री हवेचा वास घ्यायचा, आणि रस्त्यावर गाडीचा आवाज आला की उठून फाटकापर्यंत जायचे. पुन्हा ते नको.

"पहिल्या महिन्यातच उचलीन, वहिनी. लिहून देतो हवं तर."

"लिहून कशाला देताय, भावजी? इतकी वर्षं लिहिलं होतं का आपण?"

दादांनी पाकीट खिशात ठेवले. ते कुठल्या खिशात ठेवावे हे त्यांना क्षणभर सुचले नाही.

लिलावाच्या दिवशी ते आवारात गेले तेव्हा वहिनींचा ढीग चौथ्या ओळीत होता. भोवती खरेदीदार जमले होते, आणि माल इतका स्वच्छ होता की बोली पहिल्या दमातच वर गेली. पावटक्क्यांनी दादांकडे पाहिले. दादांनी बोट वर केले, पुन्हा केले, आणि बाजारातला त्या दिवसाचा सर्वांत चढा भाव त्यांच्या नावावर लागला. हात घालून बघत नाही का, असे कुणीतरी विचारले. त्यांनी नुसती मान हलवली.

माल काट्यावर चढला, तोलला गेला, कारखान्याचा झाला. रोख पैसे तिथल्या तिथे द्यायचे होते. वहिनी खिडकीपाशी इतर शेतकऱ्यांच्या रांगेत उभ्या होत्या. दादा दिसल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि इतरांना करावा तसा नमस्कार केला. दादांनीही केला.

धाकटा गाडीपाशी वाट बघत होता. गोदामात जागा नाही, शीतगृहातही ठरली होती तेवढी भरली, आणि राखलेल्या रोकडीतली निम्मी आताच गेली. तेव्हा हा माल टाकायचा कुठे, असे त्याने विचारले. हमाल गाडीत पोती लावत होते. दादा जवळ गेले आणि खालच्या पोत्यांखाली फळी सरकवायला त्यांना मदत करू लागले.